मोठं झाड आधी घ्या: बायनरी ट्रीतल्या नोडची सूत्रं इंडक्शनने सिद्ध करताना

उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर मला पुन्हा पुन्हा भेटतं. प्रश्न असतो: फुल बायनरी ट्रीमध्ये लीफ नोडची संख्या इंटर्नल नोडच्या संख्येपेक्षा बरोबर एकने जास्त असते, हे इंडक्शनने सिद्ध करा. उत्तर साधारण असं येतं: "एका ट्रीसाठी विधान खरं मानू. आता त्यातल्या एका लीफला दोन चाइल्ड जोडू. तो लीफ इंटर्नल झाला, म्हणून इंटर्नल नोड एकने वाढले. एक लीफ गेला आणि दोन आले, म्हणून लीफही एकने वाढले. फरक तोच राहिला. सिद्ध झाले."

हिशेब बिनचूक असतो, आकृती नेटकी असते, आणि तरीही मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. विद्यार्थी विचारायला येतात की सर, यात चुकलं काय? प्रश्न रास्त आहे, कारण यातली एकही ओळ खोटी नाही. एक ओळ राहून गेलेली आहे. ती कोणती, हे कळलं की फुल, परफेक्ट आणि कम्प्लीट या तिन्ही ट्रींच्या सिद्धता एका धाग्यात बसतात. म्हणून सूत्रांची यादी बाजूला ठेवून त्या एका ओळीपासूनच सुरुवात करतो.

आधी व्याख्या. पुस्तकागणिक यांची नावं बदलतात, त्यामुळे हे टाळता येत नाही. या लेखात फुल बायनरी ट्री म्हणजे ज्यातल्या प्रत्येक नोडला एकतर शून्य चाइल्ड आहेत किंवा दोन. एकच चाइल्ड असलेला नोड कुठेही नाही. परफेक्ट म्हणजे फुल तर आहेच, शिवाय सगळे लीफ एकाच लेव्हलवर आहेत. कम्प्लीट म्हणजे शेवटची लेव्हल सोडून बाकी सगळ्या लेव्हल गच्च भरलेल्या, आणि शेवटच्या लेव्हलवरचे नोड डावीकडून सलग, मध्ये भोक न ठेवता. हाइट मी रूटपासून सर्वांत खोल लीफपर्यंतच्या एजेसची संख्या धरतो, म्हणजे एकट्या नोडची हाइट ०. काही पुस्तकं फुलला 'स्ट्रिक्टली बायनरी' म्हणतात, काही परफेक्टलाच 'कम्प्लीट' म्हणतात, आणि आपल्या कम्प्लीटला मग 'ऑलमोस्ट कम्प्लीट'. परीक्षेत पहिल्या ओळीत आपली व्याख्या लिहून टाका. तपासणाऱ्याच्या मनात दुसरी व्याख्या असली, तरी उत्तर कशाबद्दल आहे हे त्याला लगेच कळतं.

त्याच पद्धतीने एक खोटं विधान सिद्ध करून पाहू

विधान असं: हाइट h असलेल्या प्रत्येक फुल बायनरी ट्रीमध्ये बरोबर 2h + 1 नोड असतात.

बेस केस: h = 0. एकटा रूट, म्हणजे १ नोड. सूत्रही 2·0 + 1 = 1 देतं. बरोबर.

पुढची पायरी: हाइट h च्या ट्रीमध्ये 2h + 1 नोड आहेत असं मानू. त्यातल्या सर्वांत खोल असलेल्या एका लीफला दोन चाइल्ड जोडू. ट्री अजून फुलच आहे, हाइट h + 1 झाली, आणि नोड झाले 2h + 1 + 2, म्हणजेच 2(h + 1) + 1. सिद्ध झाले.

आता कागदावर हाइट २ ची परफेक्ट ट्री काढा. रूट एक, खाली दोन, त्याखाली चार. नोड ७. सूत्र मात्र म्हणतं ५. विधान सरळसरळ खोटं आहे, आणि आपण ते नुकतंच 'सिद्ध' केलं.

गफलत कुठे झाली ते पाहा. आपल्याला हाइट h + 1 च्या प्रत्येक फुल ट्रीबद्दल बोलायचं होतं. आपण बोललो फक्त त्या ट्रींबद्दल, ज्या हाइट h च्या ट्रीला एकाच ठिकाणी दोन चाइल्ड जोडून मिळतात. सात नोडची परफेक्ट ट्री तशी मिळतच नाही. हाइट १ ची फुल ट्री एकच आहे, तीन नोडची. तिच्या एका लीफला दोन चाइल्ड जोडले तर पाच नोड होतात, सात नव्हे. आपली जोडणी त्या ट्रीपर्यंत पोचलीच नाही, म्हणून तिच्याबद्दल आपण काहीच सिद्ध केलेलं नव्हतं.

सुरुवातीच्या उत्तरातही हीच ओळ राहून गेली होती: प्रत्येक फुल ट्री अशा जोडणीतून तयार होते का? तिथे उत्तर 'हो' आहे, त्यामुळे विधान खरं ठरतं. पण ते 'हो' कुठेही दाखवलेलं नव्हतं. खऱ्या आणि खोट्या विधानाच्या सिद्धता अगदी सारख्या दिसत असतील, तर त्या लिखाणाला सिद्धता म्हणता येत नाही.

याचा उपाय म्हणजे दिशा उलटी करायची. लहान ट्री घेऊन ती वाढवायची नाही. मोठी ट्री आधी हातात घ्यायची, कोणतीही, जशी असेल तशी, आणि ती मोडून लहान ट्री मिळवायची. मोठी ट्री मनमानी निवडलेली असल्यामुळे 'प्रत्येक' हा शब्द आपोआप सांभाळला जातो.

फुल ट्री: L = I + 1

आता हीच सिद्धता रूटपाशी मोडून लिहू. I म्हणजे इंटर्नल नोडची संख्या, L म्हणजे लीफची. इंडक्शन एकूण नोडसंख्या n वर करायचं, आणि ते स्ट्रॉंग इंडक्शन हवं. त्याचं कारण साधं आहे. रूट काढल्यावर डावीकडे किती नोड उरतील आणि उजवीकडे किती, हे आपल्याला माहीत नसतं. n – 1 साठी विधान खरं आहे एवढंच गृहीत धरून भागत नाही. n पेक्षा कमी नोडच्या प्रत्येक फुल ट्रीसाठी ते खरं आहे, असं धरावं लागतं.

बेस केस: n = 1. एकच नोड, तोच लीफ. I = 0, L = 1. विधान खरं.

गृहीतक: n पेक्षा कमी नोड असलेल्या प्रत्येक फुल बायनरी ट्रीसाठी L = I + 1 आहे.

पायरी: n > 1 नोडची कोणतीही फुल ट्री घ्या. नोड एकाहून जास्त आहेत, म्हणजे रूट लीफ नाही. ट्री फुल आहे, म्हणून रूटला बरोबर दोन चाइल्ड आहेत. डावी आणि उजवी, दोन्ही सबट्री रिकाम्या नाहीत. त्यांतल्या प्रत्येक नोडचे चाइल्ड मूळ ट्रीत होते तेच आहेत, म्हणून दोन्ही सबट्री फुल आहेत. दोन्हींमध्ये n पेक्षा कमी नोड आहेत. म्हणून गृहीतक दोघींना लागू होतं. डाव्या सबट्रीच्या संख्यांना I₁, L₁ आणि उजवीच्या संख्यांना I₂, L₂ म्हणू.

```
L = L₁ + L₂
  = (I₁ + 1) + (I₂ + 1)
  = (I₁ + I₂ + 1) + 1
  = I + 1
```

शेवटच्या ओळीत I₁ + I₂ + 1 च्या जागी I आला, कारण मूळ ट्रीचे इंटर्नल नोड म्हणजे दोन्ही सबट्रींचे इंटर्नल नोड आणि वर रूट. सिद्धता एवढीच.

एकूण नोड n = I + L, म्हणून n = 2I + 1 आणि n = 2L – 1 ही दोन्ही सूत्रं यातून फुकटात मिळतात. फुल ट्रीमध्ये नोडची संख्या नेहमी विषमच असते, हेही दिसतं. प्रश्नात '१२ नोडची फुल बायनरी ट्री काढा' असं आलं, तर उत्तर 'अशी ट्री नसते' हेच.

हाताने पडताळून पाहा. ११ नोडची एक फुल ट्री अशी घ्या की डाव्या बाजूला ७ नोडची परफेक्ट सबट्री आहे आणि उजव्या बाजूला ३ नोडची. डावीकडे इंटर्नल ३, लीफ ४. उजवीकडे इंटर्नल १, लीफ २. रूट धरून इंटर्नल ३ + १ + १ = ५, लीफ ४ + २ = ६. परीक्षेत आकृती काढायची असेल तर अशीच, दोन्ही बाजू असमान ठेवून काढा. दोन्ही बाजू सारख्या काढल्या की आपण नकळत परफेक्ट ट्रीबद्दल बोलू लागतो, आणि सिद्धतेत 'दोन्ही सबट्रींमध्ये (n – 1)/2 नोड' असं चुकीचं वाक्य शिरतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आकृती सममित दिसली की पुढची ओळ जरा सावधपणे वाचतो.

आणि ज्यांना दोन चाइल्ड जोडण्याचीच पद्धत आवडते, त्यांनी ती सोडायची गरज नाही. फक्त उलट लिहायची. n > 1 नोडची कोणतीही फुल ट्री घ्या. तिच्यातला सर्वांत खोल लीफ x निवडा. त्याचा पॅरेंट p. ट्री फुल असल्यामुळे p ला दुसरा चाइल्ड y आहेच. y ला चाइल्ड असता तर तो x पेक्षा खोल गेला असता, पण x सर्वांत खोल आहे. म्हणून y सुद्धा लीफ आहे. x आणि y काढून टाका. p आता लीफ झाला, बाकी कुणाला धक्का लागला नाही, ट्री फुलच राहिली. नोड दोनने कमी झाले, म्हणून गृहीतक लागू: L – 1 = (I – 1) + 1. म्हणजेच L = I + 1. सुरुवातीच्या उत्तरात जी ओळ राहून गेली होती ती हीच, 'y सुद्धा लीफ आहे' ही. ती लिहिली की तेच उत्तर पूर्ण गुणांचं होतं.

परफेक्ट ट्री: इंडक्शन हाइटवर

सूत्र: हाइट h च्या परफेक्ट ट्रीमध्ये 2^(h+1) – 1 नोड. इथे साधं इंडक्शन पुरतं, कारण रूटपाशी मोडल्यावर दोन्ही तुकड्यांची हाइट ठरलेली असते.

h = 0 ला 2^1 – 1 = 1, बरोबर. आता हाइट h साठी सूत्र खरं मानून हाइट h + 1 ची कोणतीही परफेक्ट ट्री घ्या. तिचे सगळे लीफ रूटपासून h + 1 एजेस खाली आहेत. रूट काढला की प्रत्येक लीफ आपल्या सबट्रीच्या रूटपासून बरोबर h एजेस खाली येतो. प्रत्येक इंटर्नल नोडला दोन चाइल्ड आहेतच. म्हणून दोन्ही सबट्री हाइट h च्या परफेक्ट ट्री आहेत. ही दोन वाक्यं गाळू नका. गृहीतक वापरायचा हक्क त्यांच्यामुळेच मिळतो.

```
नोड = 1 + 2 · (2^(h+1) – 1)
    = 2^(h+2) – 1
```

हाइट h + 1 साठी सूत्र हेच द्यायला हवं होतं. लीफ किती, यासाठी वेगळं इंडक्शन लागत नाही. परफेक्ट ट्री फुल असते, म्हणून n = 2L – 1 लागू, आणि त्यातून L = 2^h.

हाइट मोजण्याची पद्धत बदलली की इथेच घोळ होतो. तुमच्या अभ्यासक्रमात एकट्या नोडची हाइट १ धरत असतील, तर सूत्र 2^h – 1 होतं. कुठलं सूत्र आपलं, हे आठवेना झालं तर एकट्या नोडची हाइट सूत्रात घालून पाहा. उत्तर १ यायला हवं. ० किंवा ३ आलं, तर व्याख्या आणि सूत्र दोन वेगळ्या पुस्तकांतून आलेली आहेत.

कम्प्लीट ट्री: इथे मात्र जोडलेलं चालतं

कम्प्लीट ट्रीला हाइटवरून नेमकी नोडसंख्या सांगता येत नाही, फक्त हद्द सांगता येते. हाइट h असेल तर वरच्या लेव्हल, म्हणजे ० ते h – 1, गच्च भरलेल्या आहेत. त्या मिळून हाइट h – 1 ची परफेक्ट ट्री होते, नोड 2^h – 1. (h = 0 असेल तर वर काहीच नाही, आणि सूत्रही शून्यच देतं.) शेवटच्या लेव्हलवर निदान एक नोड आहे आणि जास्तीत जास्त 2^h. म्हणून

```
2^h ≤ n ≤ 2^(h+1) – 1
```

या ओळीवर लॉग घेतला की h = ⌊log₂ n⌋ मिळतं. वेगळं इंडक्शन नाही, परफेक्टच्या सूत्रावरच काम भागलं. ते सूत्र आधी सिद्ध केलं आहे, असा उल्लेख तेवढा करायचा.

इंडक्शनची खरी गंमत कम्प्लीटच्या लीफ मोजण्यात आहे. सूत्र: n नोडच्या कम्प्लीट ट्रीमध्ये ⌈n/2⌉ लीफ असतात. इथे रूटपाशी मोडायला गेलात तर अडकाल. दोन सबट्रींपैकी एक परफेक्ट असते, दुसरी कम्प्लीट, आणि कोणती कोणती हे शेवटची लेव्हल कुठपर्यंत भरली आहे त्यावर ठरतं. सिद्धता होते, पण प्रकरणं पाडत बसावं लागतं.

त्याऐवजी शेवटचा नोड काढा. रूटला १ धरून लेव्हलनुसार डावीकडून उजवीकडे नंबर द्या. नोड k चे चाइल्ड 2k आणि 2k + 1, म्हणून नोड k चा पॅरेंट ⌊k/2⌋. n + 1 नोडची कोणतीही कम्प्लीट ट्री घेतली आणि n + 1 नंबरचा नोड काढला, तर उरलेली n नोडची ट्री कम्प्लीटच राहते, कारण काढलेला नोड शेवटच्या लेव्हलवरचा सर्वांत उजवा होता. शिवाय n नोडच्या कम्प्लीट ट्रीचा आकार एकच असतो. त्यामुळे 'n नोडच्या ट्रीला पुढचा नोड जोडू' असं म्हटलं तरी एकही ट्री निसटत नाही. फुल ट्रीत जे चालत नव्हतं ते इथे चालतं, आणि का चालतं ते एका वाक्यात लिहिता येतं. ते वाक्य मात्र लिहा.

बेस केस n = 1: लीफ १, आणि ⌈1/2⌉ = 1.

आता n नोडला ⌈n/2⌉ लीफ आहेत असं मानून नोड n + 1 जोडू. नवा नोड स्वतः लीफ आहे. प्रश्न एवढाच, त्याचा पॅरेंट आधी लीफ होता का?

n + 1 सम असेल तर नवा नोड डावा चाइल्ड आहे. पॅरेंटला आधी एकही चाइल्ड नव्हता, म्हणजे तो लीफ होता, आता राहिला नाही. एक आला, एक गेला, लीफ तेवढेच. सूत्रही तेच सांगतं: n विषम असताना ⌈n/2⌉ आणि ⌈(n+1)/2⌉ सारखेच असतात.

n + 1 विषम असेल तर नवा नोड उजवा चाइल्ड आहे. डावा आधीच होता, म्हणून पॅरेंट आधीपासून इंटर्नलच होता. लीफ एकने वाढले. n सम असताना सूत्रही एकने वाढतं. दोन्ही प्रकरणं जुळली.

इथे एक चूक फार सहज होते: कम्प्लीट ट्रीवर L = I + 1 लावणं. सहा नोडची कम्प्लीट ट्री घ्या. तिसऱ्या नोडला एकच चाइल्ड आहे, सहावा. लीफ ४, ५, ६ हे तीन; इंटर्नल १, २, ३ हेही तीन. दोन्ही संख्या सारख्या. n सम असला की कम्प्लीट ट्री फुल नसते, आणि फुलची सिद्धता 'रूटला बरोबर दोन चाइल्ड, दोन्ही सबट्री फुल' याच वाक्यावर उभी असल्यामुळे इथे ती कोसळते. n विषम असेल तर कम्प्लीट ट्री फुल असते आणि दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. म्हणूनच ही चूक निम्म्या वेळा झाकली जाते.

शेवटी १०० नोडच्या कम्प्लीट ट्रीवर सगळं एकदा फिरवून पाहू. ६४ ≤ १०० ≤ १२७, म्हणून हाइट ६. वरच्या लेव्हलमध्ये ६३ नोड, शेवटच्या लेव्हलवर १०० – ६३ = ३७. सूत्रानुसार लीफ ५० हवेत. मोजू. शेवटच्या लेव्हलवरचे ३७ तर लीफ आहेतच. त्यांचे पॅरेंट किती? प्रत्येकी दोन याप्रमाणे १८ पॅरेंट ३६ नोड घेतात, उरलेल्या एकासाठी एकोणिसावा. लेव्हल ५ वर ३२ नोड आहेत. त्यांतले १९ इंटर्नल, म्हणून १३ लीफ. ३७ आणि १३ मिळून ५०. तो एकोणिसावा पॅरेंट म्हणजे नोड ५०, आणि त्याचा एकुलता एक चाइल्ड नोड १००.